‘फ्री आहे का? सेफ आहे का?’ : या दोन प्रश्नांचे उत्तर आधी द्या

आम्ही ज्या फोनवर लोकांना कायदेविषयक मदतीची वाट दाखवतो, त्या फोनवर येणारा पहिला संदेश बहुतेक वेळा एकाच साच्याचा असतो. ‘जय भीम दादा, ही मदत फ्री आहे का?’ किंवा ‘इथे सांगितलं तर सेफ आहे ना?’ प्रकरण काय, त्रास कोणाचा, केव्हापासून, यातले काहीच त्यात नसते. आपले अनेक कार्यकर्ते अशा संदेशाला कंटाळतात. ‘आधी प्रॉब्लेम सांगा’ असे उत्तर पाठवतात, नाहीतर ‘हो हो, फ्री आहे, बिनधास्त बोला’ म्हणून मोकळे होतात. आमचे म्हणणे असे की ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्या उत्तराने माणूस निघून जातो. दुसऱ्याने तो थांबतो, पण पुढे कुठेतरी फसतो आणि मग कोणावरच विश्वास ठेवत नाही.

हा प्रश्न विचारणारा माणूस वेळ घालवत नसतो. दाखल्यासाठी, फॉर्मसाठी, सहीसाठी, ‘साहेबांना भेटवून देतो’ म्हणून त्याने प्रत्येक ठिकाणी पैसे मोजलेले असतात. ‘मोफत’ अशी पाटी लावलेल्या खिडकीवरही मोजलेले असतात. आणि एका ठिकाणी बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वस्तीत कशी पोहोचते, हेही त्याने पाहिलेले असते. म्हणून तो खरी गोष्ट काढण्याआधी दाराची कडी तपासतो. ही तपासणी आपण मान्य केली पाहिजे आणि तिला नेमके, मर्यादांसकट उत्तर दिले पाहिजे. ते कसे द्यायचे, हे एका प्रकरणावरून मांडतो. प्रकरण त्या ताईंच्या परवानगीने लिहीत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या ताई सव्वीस वर्षांच्या, बौद्ध, तालुक्याच्या गावी शिवणकामाच्या युनिटमध्ये रोजाने काम करणाऱ्या. पदरी चार वर्षांची मुलगी. रात्री साडेदहाला त्यांचा संदेश आला, ‘हे फ्री आहे का आणि सेफ आहे का?’ एवढाच. खरा प्रश्न तीन दिवसांनी आला. नवरा मारतो, पगार काढून घेतो, आणि माहेरी गेलीस तर मुलगी देणार नाही म्हणतो. मधल्या तीन दिवसांत आम्ही फक्त त्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरे देत होतो.

आधी ‘फ्री’चे पाहू.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 मध्ये मोफत कायदेशीर मदतीला पात्र लोकांची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग व्यक्ती, कोठडीत असलेली व्यक्ती आणि आणखी काही गट त्यात येतात. या गटांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा लागते ती या यादीतल्या कोणत्याच गटात न बसणाऱ्या माणसाला. म्हणजे त्या ताईंना स्त्री म्हणूनच हक्क होता. त्यांना जातीचा दाखलाही लागत नव्हता आणि उत्पन्नाचाही नाही. कार्यालयात कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर ‘मी कलम 12 च्या ‘क’ खाली, स्त्री म्हणून अर्ज करते आहे’ एवढे वाक्य पुरते. हे वाक्य आम्ही त्यांच्याकडून पाठ करून घेतले.

आपल्या पुरुष कार्यकर्त्यांना आणि तरुणांना इथे एक शंका असते, की आम्ही कागदोपत्री बौद्ध, मग अनुसूचित जाती म्हणून हा हक्क आम्हाला आहे का? आहे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात 1990 साली दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. जातीचा दाखला असला की धर्म बौद्ध लिहिलेला असल्याने हा हक्क जात नाही.

आता फ्री म्हणजे काय काय फ्री? वकिलाची फी प्राधिकरण देते. कोर्ट फी, समन्स-नोटिसांचा खर्च, कागदपत्रे तयार करण्याचा, त्यांच्या प्रमाणित प्रती काढण्याचा आणि गरज असेल तर भाषांतराचा खर्च यात येतो. अर्जाला फी नाही. तो साध्या कागदावर, मराठीत करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगता येते आणि तिथल्या माणसाने तो लिहून घ्यायचा असतो. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते आणि जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. दोन्ही सहसा कोर्टाच्या आवारातच असतात. फोन करायचा असेल तर 15100 हा क्रमांक आहे. अर्जावर शक्यतो लगेच, आणि उशिरात उशिरा सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सचिवांनी नाकारला, तर अध्यक्षांकडे अपील करता येते.

घरातल्या हिंसेच्या प्रकरणात तर आणखी एक दार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 प्रमाणे संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तक्रारीचा अर्ज त्यांनीच मोफत द्यायचा असतो आणि कायदेशीर मदतीपर्यंत पोहोचवायचे असते. पोलिसांकडे गेले, तर ‘तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो’ हे सांगणे पोलिसांवरही या कायद्याने बंधनकारक आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रतही विनामूल्य मिळते.

पण इथेच थांबलो, तर उत्तर अर्धवट राहते. तारखेला जाण्याचे बसभाडे यात येत नाही, आणि बुडालेली मजुरीही नाही. आम्ही त्या ताईंसोबत बसून हिशेब केला. कोर्ट शेजारच्या मोठ्या गावी होते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट, तरी जाऊन-येऊन 90 रुपये. रोज बुडाला की 350 रुपये. म्हणजे एका तारखेचे 440. आठ तारखा धरल्या तर 3,520 रुपये होतात. आणि आठच तारखांत काम होईल याची हमी नाही. कायद्यात पहिली सुनावणी सहसा तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे, पण प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो. हा आकडा ऐकून ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘एवढं जमेल. पहिल्यांदाच कोणीतरी खरा आकडा सांगितला.’ ‘सगळे फ्री आहे’ हे वाक्य तिसऱ्या तारखेला खोटे ठरते आणि तिथेच प्रकरण सुटते. आकडा आधी कळला, की माणूस त्याची तजवीज करतो. त्यांनी युनिटच्या मालकिणीशी बोलून तारखेच्या आठवड्यात रविवारी काम करायचे ठरवले.

‘फ्री’त आणखी एका ठिकाणी भोक पडते. नेमून दिलेला वकील म्हणतो, ‘फी नाही हो, पण टायपिंगचे दोन हजार द्या.’ हे ओळखायचे कसे? साधी खूण आहे. प्राधिकरणाकडून नेमणुकीचे पत्र मिळते, त्यावर वकिलाचे नाव असते. त्या नावाच्या वकिलाने कोणत्याही नावाखाली पक्षकाराकडून पैसे मागायचे नसतात. मागितले, तर तारीख आणि रक्कम लिहून सचिवांकडे लेखी तक्रार करायची. वकील तारखांना येतच नसेल, तर तो बदलून मागता येतो. पॅनेलवरचा अमुक वकील हवा, अशी विनंतीही अर्जातच करता येते. आणि वकील ‘चालू आहे, चालू आहे’ एवढेच सांगत असेल, तर त्याच्यावर विसंबायची गरज नाही. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या मोफत ॲपवर टाकला, की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले ते दिसते. हा क्रमांक घरात सापडेल अशा कागदावर न लिहिता पाठ करायला किंवा मैत्रिणीकडे ठेवायला आम्ही सांगतो.

आता दुसरा प्रश्न, ‘सेफ आहे का?’

या प्रश्नाला उत्तर देण्याआधी उलट विचारावे लागते, ‘कोणापासून?’ त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले, आणि ते आपल्या सगळ्यांनी ऐकण्यासारखे आहे. त्यांना भीती पोलिसांची नव्हती, कोर्टाचीही नव्हती. त्यांचा दीर आपल्याच एका मंडळाचा कार्यकर्ता. जयंतीच्या वर्गणीला, मोर्चाला पुढे असणारा. त्यांना भीती होती ती आपली. म्हणजे आमच्याकडे बोललेले त्या दिरापर्यंत जाईल का, याची.

म्हणून ‘बिनधास्त बोला’ हे उत्तर देण्याचा आपल्याला अधिकार नाही. कायदा काय म्हणतो ते सरळ सांगावे. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाला त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 132 मध्ये आहे. वकिलाच्या कारकुनालाही ते लागू आहे. गुन्हा करण्यासाठी सल्ला मागितला, तर मात्र हे संरक्षण नाही. पण आम्ही वकील नाही. सामाजिक कार्यकर्त्याला सांगितलेल्या गोष्टीला हे कलम लागू होत नाही. उद्या कोर्टाने आम्हाला साक्षीला बोलावले, तर ‘ते आमच्यात गुप्त ठरले होते’ असे म्हणून आम्हाला नकार देता येणार नाही. आम्ही शब्द देऊ शकतो, पाळूही शकतो. पण कायद्याचे कवच देऊ शकत नाही. म्हणून जे सर्वांत नाजूक आहे ते वकिलाजवळ बोलावे, आणि आम्हाला वकिलापर्यंत नेण्याइतकेच सांगावे, असे आम्ही पहिल्याच दिवशी म्हणतो.

दुसरी मर्यादा मुलांची. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे ‘कोणालाच सांगणार नाही’ हे वचन अशा बाबतीत आम्ही देऊ शकत नाही. ही गोष्ट सगळे ऐकून घेतल्यावर सांगणे म्हणजे विश्वासघात आहे. ती आधी सांगायची. आम्ही असे म्हणतो, ‘ताई, तुमच्याबद्दल तुम्ही जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय आमच्याकडून पुढे जाणार नाही. पण लहान मुलावर तसा अत्याचार झाला असेल, तर आम्हाला कळवावे लागते.’ हे ऐकून काहीजणी थांबतात. त्यांना थांबण्याचा अधिकार आहे.

तिसरी गोष्ट फोनची. ‘सेफ’चा पहिला अर्थ हातातल्या फोनपासूनच सुरू होतो. आम्ही त्या ताईंना विचारले, फोन तुमचाच आहे का, कुलूप काय आहे, दुसरे कोणी उघडते का, कोणत्या वेळी फोन केला तर चालेल? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Linked devices म्हणून जागा असते. तिथे आपण न जोडलेले एखादे उपकरण दिसले, तर आपले संदेश दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर उघडत आहेत असे समजायचे. त्यांच्या फोनमध्ये तसे एक सापडले. ते लगेच काढायचे नाही, हे इथे महत्त्वाचे आहे. काढले, की समोरच्याला कळते. आधी बोलण्याची दुसरी वाट शोधायची. पुढचे बोलणे युनिटमधल्या एका मैत्रिणीच्या फोनवरून, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत झाले.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण हे सांगायला बहुतेक जण विसरतात. अर्ज दाखल होईपर्यंत नवऱ्याला कळण्याचे कारण नाही. पण अर्ज दाखल झाला, की कोर्टाची नोटीस त्याला जातेच. कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याने ती दोन दिवसांत किंवा कोर्ट देईल त्या मुदतीत बजवायची असते. म्हणजे गुप्तता नोटिशीच्या दिवशी संपते. त्या दिवशी ती बाई आणि तिची मुलगी कुठे असतील, हे अर्जाच्या आधी ठरले पाहिजे.

त्या ताईंनी ते असे ठरवले. मुलीचा जन्मदाखला, आधार कार्ड, स्वतःचे बँकेचे पासबुक आणि सरकारी दवाखान्यातले दोन केसपेपर एका पिशवीत घालून मैत्रिणीकडे ठेवले. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी जाणे नेहमीचेच होते, तेव्हा मुलीला घेऊन गेल्या. अर्ज माहेरच्या तालुक्यात केला, कारण स्त्री तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. मोफत वकील पाचव्या दिवशी नेमला गेला. वकिलाने मुख्य अर्जासोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज जोडला, म्हणजे दुसरी बाजू ऐकण्याआधीही तातडीचे संरक्षण देता यावे आणि मुलीचा ताबा तात्पुरता आईकडे राहावा. संरक्षणाचा आदेश मोडला, तर तो गुन्हा ठरतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटीस पोहोचली तेव्हा नवरा माहेरी येऊन ओरडला. पण मुलगी आईजवळ होती, कागद आईजवळ होते, आणि हातात अंतरिम आदेशाची प्रत होती. निकाल अजून लागलेला नाही. पोटगीची रक्कम ठरायची आहे. ताई मात्र तारखेला जातात, आणि ई-कोर्ट्सवर पुढची तारीख स्वतः बघतात.

आता आपल्या चळवळीकडे वळू. त्या ताईंना आपली भीती का वाटली? कारण आपल्या अनेक ग्रुपवर अन्यायाची बातमी येते ती फोटोसह, नाव-गावासह, कधी एफआयआरच्या पानासह. ‘व्हायरल करा’ म्हणून. जातीय अत्याचाराच्या प्रकरणात प्रसिद्धीने दबाव तयार होतो हे खरे आहे, आणि पीडित कुटुंबाने स्वतः ठरवून तो वापरला तर तो त्यांचा मार्ग आहे. पण ज्यांनी ठरवलेले नाही, त्यांची गोष्ट आपण ठरवून टाकतो. आणि प्रकरण घरातले असेल, तर उलटे होते. ‘समाजाची बदनामी नको, बैठकीत मिटवू’ म्हणून त्याच दिराला बोलावले जाते. एकीकडे पोस्ट, दुसरीकडे बैठक. दोन्हीकडे त्या बाईला कोणी विचारत नाही. स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत ते एक प्रमुख कारण होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळात एखाद्या बाईने आपली तक्रार सांगायला घाबरावे, ही गोष्ट आपल्याला खटकली पाहिजे.

म्हणून आमची मागणी लहान आहे. प्रत्येक मंडळाने, प्रत्येक विद्यार्थी संघटनेने पहिल्या संदेशाचे उत्तर आधीच लिहून ठेवावे. त्यात पाच वाक्ये असावीत. वकील आणि कोर्टाचा खर्च मोफत आहे, प्रवास आणि बुडालेला रोज तुमचा. आमच्यातला कोणीही पैसे मागणार नाही, मागितले तर या या व्यक्तीला सांगा. तुमची गोष्ट आमच्याकडे फक्त या दोन माणसांना कळेल, त्यांची नावे ही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत मात्र आम्हाला पोलिसांना कळवावे लागते. आणि या फोनवर बोलणे सुरक्षित नसेल, तर दुसरी वेळ किंवा दुसरा नंबर सांगा. त्या दोन माणसांत एक तरी स्त्री असावी. आणि समोरची स्त्री ज्या वस्तीतली असेल, त्या वस्तीतले दोघांपैकी कोणी नसावे. असेल, तर तिला ते सांगून दुसरे नाव द्यावे.

हे उत्तर पाठवल्यावर खरा प्रश्न त्याच रात्री येईलच असे नाही. तीन दिवस लागतील, तीन महिनेही लागतील. तोवर ‘बोला ना ताई’ म्हणून मागे लागू नये. तिने विचारले त्याचे उत्तर तिला मिळाले आहे. पुढचे केव्हा सांगायचे, ते तिचे ती ठरवेल.

जय भीम.